गावबसावणी (दुर्गादेवीच्या दुष्काळानंतरची)

दुष्काळाने ओस पडलेल्या दख्खनच्या मुलखात गावे पुन्हा वसवून शेती सुरू करण्याची पद्धत. परंपरेनुसार दुर्गादेवीचा दुष्काळ १३९६ पासून सलग बारा वर्षे टिकला. मराठ्यांचा इतिहास लिहिणारे ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफ यांनीही तोच काळ धरला आहे. फारसी इतिहासकार फरिश्ता याच्या ग्रंथात मात्र दुसऱ्या महंमदशहा बहमनीच्या काळात (१३७८–९७) माळवा व गुजरातेतून बैलांवर धान्य आणल्याचा आणि पुढे अहमदशहा बहमनीच्या आरंभीच्या वर्षांतील अवर्षणाचा असे वेगवेगळे उल्लेख येतात. त्यामुळे अनेक दुष्काळांची आठवण लोकपरंपरेने एका नावाखाली गोळा केली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘बारा वर्षे’ ही संख्याही कथांतली ठरीव संख्या आहे.

डफ यांच्या मते १४२९ च्या सुमारास बहमनी राजवटीच्या वतीने दादो नरसू काळे यांनी खटाव, वाई या भागांत वसाहत केली. गावांच्या जुन्या शिवा कोणाला आठवत नव्हत्या, म्हणून दोन-तीन गावांचे एक गाव केले. कसेल त्याला जमीन मिळाली. पहिल्या वर्षी सारा माफ होता, तर दुसऱ्या वर्षी बिघ्याला घोड्याचा एक तोबरा भरून धान्य एवढाच होता.

बियाणे आणि खायचे धान्य वेगळे ठेवीत. खायचे धान्य पेवात जाई. घट्ट मुरमात अरुंद तोंडाचा खड्डा खणून, आत जाळ करून तो सुकवीत, कडब्याचे अस्तर देऊन धान्य भरीत आणि तोंड मातीने लिंपीत. भिंतीलगतचा थर दमटून काळा पडे, त्याचा आंबूस वास येई. असा दाणा पेरला तर उगवण दगा देई. म्हणून ज्वारीची निवडक कणसे घरात चुलीच्या धुरावर टांगीत किंवा दाणे राखेत मिसळून मडक्यात ठेवीत. पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नसत, कारण कोंडलेल्या हवेने माणूस गुदमरतो. आधी दिवा सोडून पाहत.

पडीक काळ्या रानात हराळी माजलेली असे. तिथे नांगराला तीन-चार बैलजोड्या लागत, आणि एवढी जनावरे एका घरी क्वचितच असत. त्यावर उपाय इर्जिकीचा: शेजारी आपले बैल घेऊन येत, मजुरी घेत नसत, धनी जेवण घाली. सावडीत मात्र कामाची फेड कामानेच करावी लागे.

खरा तंटा पाटीलकीचा होता. वसाहतीचा सरकारी कौल म्हणजे अभयपत्र घेऊन आधी आलेले घराणे गाव आपण वसवला म्हणून हक्क सांगे. दुष्काळात परागंदा झालेल्या जुन्या वतनदाराचा नातू परतला की तो आजोबांचे वतन मागे. अशा तंट्यांचे तपशीलवार कागद मुख्यतः सतराव्या शतकापासूनचे आहेत. त्यांत गोतसभा म्हणजे वतनदार व गावकऱ्यांची न्यायसभा शेजारगावच्या पाटलांच्या व बलुतेदारांच्या साक्षी घेऊन महजर म्हणजे निवाड्याचा कागद करी. त्यावर पाटील नांगराची, सुतार वाकस या आपल्या हत्याराची निशाणी उठवी. साक्षींनी निकाल लागेना तर दिव्य होई, त्यात उकळत्या तेलातून धातूचा रवा म्हणजे तुकडा हाताने काढावा लागे. पुष्कळदा मात्र पाटीलकीची वाटणी होई. मग पोळ्याला कोणाचा बैल आधी, होळीची पोळी कोणाची आधी, हेही कागदावर लिहून घेत.