‘एकच सर्व्हर बाधित’ असं लिहिण्याआधी काय तपासायचं?

रॅन्समवेअर हा फाइली कूटबद्ध करून, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाहीत अशा करून, त्या किल्लीसाठी खंडणी मागणारा प्रोग्रॅम. तो एखाद्या कंपनीच्या फाइल सर्व्हरवर सापडला आणि वेळीच थांबवला गेला, की दुसऱ्याच दिवशी वरिष्ठ व्यवस्थापनाला अहवाल हवा असतो. त्यातलं पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं: ‘लागण एका सर्व्हरपुरती मर्यादित राहिली.’ ग्राहकांना कळवायचं का, बाकीची यंत्रणा चालू ठेवायची का, हे निर्णय याच वाक्याच्या भरवशावर होतात. म्हणून ते कशाच्या आधारावर लिहिलं आहे, हे फार महत्त्वाचं ठरतं.

एक काल्पनिक प्रसंग घेऊ. शनिवार उलटून रविवार लागला आहे. पहाटे 2:10 ला सर्व्हरवरच्या फाइलींची नावं भराभर बदलू लागतात, 2:31 ला धोक्याची सूचना येते आणि 2:52 ला सर्व्हर नेटवर्कमधून तोडला जातो. चालू मेमरीतला पुरावा पुसला जाऊ नये म्हणून तो बंद मात्र केला जात नाही. सुमारे 4 लाख 10 हजार फाइलींपैकी 62 हजार कूटबद्ध झालेल्या असतात. इतर कुठल्याही यंत्रावर एकही फाइल बिघडलेली नाही. मग ते ठरलेलं वाक्य लिहून टाकायला काय हरकत आहे?

आधी पाहायचं ते हे की कूटबद्ध करणारा प्रोग्रॅम नेमका कुठे चालत होता. कर्मचाऱ्याच्या संगणकावर चालणारा रॅन्समवेअरसुद्धा नेटवर्कवरून सर्व्हरचे सामायिक फोल्डर कूटबद्ध करू शकतो. तेव्हा नुकसान सर्व्हरचं दिसतं, पण लागण झालेलं यंत्र दुसरंच असतं आणि ते अजूनही जोडलेलं असतं. याची खूण ओळखता येते. फक्त सामायिक फोल्डर बिघडले असतील, तर संशय बाहेरच्या संगणकावर जातो. कुणालाही सामायिक न केलेले, सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवरचे फोल्डरही बिघडले असतील, तर प्रोग्रॅम बहुधा सर्व्हरवरच चालला. खंडणीच्या चिठ्ठीची जी फाइल प्रत्येक फोल्डरमध्ये पडलेली असते, तिचा मालक म्हणून कोणतं खातं नोंदलं आहे तेही बघायचं. आपल्या प्रसंगात सामायिक नसलेले फोल्डरही बिघडले आहेत, आणि 2:08 ला सर्व्हरवरच पुढची आज्ञा चालवल्याची नोंद मिळते:

```
vssadmin delete shadows /all /quiet
```

विंडोज डिस्कच्या जुन्या स्थितीच्या प्रती स्वतःकडे जपून ठेवू शकतं. या आज्ञेने त्या सगळ्या गुपचूप पुसल्या जातात. म्हणजे कूटबद्धीकरण सुरू होण्याच्या दोन मिनिटं आधी कुणीतरी सर्व्हरवर प्रशासकाच्या अधिकारांनिशी काम करत होतं.

2017 सालचा ‘वॉनाक्राय’ आपणहून एका संगणकातून दुसऱ्यात पसरत असे. तशा प्रकारात जोडणी तोडली की पसरणं थांबलं असं म्हणता येतं. आजचे बरेच हल्ले मात्र माणसं हाताने चालवतात. आधी एखादं खातं मिळवतात, दिवसेंदिवस आत फिरतात आणि कूटबद्धीकरण अगदी शेवटी करतात. त्यामुळे तपासात प्रोग्रॅमपेक्षा खात्याचा माग जास्त उपयोगी पडतो.

सर्व्हरच्या सुरक्षा नोंदींत रात्री 12:05 ला `4624` क्रमांकाची नोंद आहे. हा क्रमांक यशस्वी लॉगिनचा. तिच्यात `Logon Type: 10` आहे, म्हणजे कुणीतरी दुरून सर्व्हरची स्क्रीन उघडली. खातं बाहेरच्या देखभाल तंत्रज्ञांना दिलेलं आहे. हेच खातं आणखी कुठे वापरलं गेलं, हे डोमेन कंट्रोलरच्या, म्हणजे कंपनीतल्या सगळ्या खात्यांची लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरच्या, नोंदींवरून शोधलं, तर 11 दिवसांपूर्वी ते हिशेबाच्या सर्व्हरवर उघडल्याचं निघतं. त्या सर्व्हरवर त्याच दिवशी `7045` ही नोंद, म्हणजे नवी सेवा बसवल्याची. ती सेवा म्हणजे दुरून ताबा घेण्याचं एक साधन. फाइल एकही बिघडलेली नाही, पण दार उघडं आहे.

इथे अहवालाचं पहिलं वाक्य बदलतं. आता ते असं हवं: ‘फाइलींचं कूटबद्धीकरण एका सर्व्हरपुरतं थांबलं. घुसखोर मात्र किमान दोन सर्व्हरपर्यंत पोहोचला होता.’ माझ्या मते संपूर्ण अहवालात याहून मोलाचं वाक्य नाही. पहिलं वाक्य तसंच राहिलं असतं, तर हिशेबाच्या सर्व्हरकडे कुणी वळलंच नसतं.

दुसरा नाजूक दावा माहिती चोरीला न गेल्याचा. 2019 च्या अखेरीस ‘मेझ’ नावाच्या टोळीने चोरलेली माहिती उघड करण्याची धमकी खंडणीला जोडली, आणि पुढे अनेक टोळ्यांनी तीच वाट धरली. कूटबद्ध झालेल्या फाइलींकडे पाहून त्यांची प्रत बाहेर गेली का हे कळत नाही. त्यासाठी फायरवॉलच्या, म्हणजे नेटवर्कच्या आत-बाहेर होणाऱ्या वाहतुकीवर पहारा ठेवणाऱ्या यंत्रणेच्या, नोंदी लागतात. आपल्या प्रसंगात रात्री 12:20 ते 1:35 दरम्यान या सर्व्हरमधून एका अनोळखी पत्त्यावर सुमारे 38 जीबी माहिती गेलेली दिसते. वाहतूक कूटबद्ध असल्याने त्यात काय होतं ते नोंदींवरून वाचता येत नाही. म्हणून अहवालात लिहायचं: ‘38 जीबी बाहेर गेले. कोणत्या फाइली गेल्या ते निश्चित नाही. त्या काळात उघडल्या गेलेल्या फोल्डरांत ग्राहकांचे करार होते.’ ग्राहकांना आणि नियामकांना कळवण्याची कायदेशीर मुदत पुष्कळदा घटना लक्षात आल्यापासून मोजली जाते, त्यामुळे सगळी खात्री होईपर्यंत हा परिच्छेद रोखून धरता येत नाही.

समजा, अशी वाहतूक दिसलीच नसती. तरी ‘चोरी झाली नाही’ असं लिहिणं चूकच. नोंदी किती मागे जातात त्यावर सगळं अवलंबून असतं. विंडोजची सुरक्षा नोंदवही ठरावीक आकाराची असते आणि भरली की सहसा जुन्या नोंदींवर नव्या लिहिल्या जातात. इथे डोमेन कंट्रोलरच्या नोंदी 16 दिवस मागे जातात, म्हणून 11 दिवसांपूर्वीचा प्रवेश सापडला. त्याआधीचे फक्त पाच दिवस तपासता आले, ही मर्यादा निष्कर्षाच्या शेजारीच लिहायची, शेवटच्या परिशिष्टात नाही. वेळा देताना सगळ्या एकाच घड्याळात आणायच्या. फायरवॉल जागतिक वेळेत नोंदत असेल आणि सर्व्हर स्थानिक वेळेत, तर माहिती आधी गेली की फाइली आधी बिघडल्या हा क्रमच उलटा दिसू शकतो.

व्यवस्थापनाचा पुढचा प्रश्न: काम कधी सुरू होणार? बॅकअप शनिवारी रात्री 11 चा आहे. त्यातल्या फाइली घ्यायच्या, पण सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम कोरी बसवायची, कारण घुसखोर किमान 11 दिवस आत होता आणि त्याने ठेवलेलं काही बॅकअपमध्येही असू शकतं. माहिती 1.8 टीबी आहे. सेकंदाला 110 एमबी या वेगाने ती आणायला कागदावर साधारण साडेचार तास लागतात. लाखो लहान फाइली असल्या की हा वेग टिकत नाही, म्हणून आधी एक फोल्डर आणून वेळ मोजायचा आणि त्यावरून अंदाज द्यायचा.

अहवालाचा शेवट व्यवस्थापनाकडून हव्या असलेल्या निर्णयांनी करायचा, आणि या प्रसंगात ते दोन आहेत. हिशेबाचा सर्व्हर सोमवारी काम सुरू होण्याआधी बंद ठेवून नव्याने उभारायला परवानगी हवी, आणि करार असलेल्या ग्राहकांना आत्ताच कळवायचं का ते ठरवायला हवं. देखभालीचं ते खातं गोठवण्यासाठी मात्र अहवालाची वाट पाहायची नसते. ते पहिल्याच तासात झालेलं असावं, आणि किती वाजता झालं ती वेळ अहवालात दिसावी.