अ‍ॅबलोनी : मांडणी का बदलावी लागली?

मिशेल लाले आणि लोरां लेव्ही या दोन फ्रेंच रचनाकारांनी १९८७ मध्ये अ‍ॅबलोनी हा खेळ तयार केला. एका समुद्री शंखप्राण्याचे नाव त्याला मिळाले. १९९० मध्ये त्याला अमेरिकेतील मेन्सा या उच्च बुद्ध्यांक असलेल्यांच्या संस्थेचा मेन्सा सिलेक्ट हा मान मिळाला. पण त्याच्या इतिहासातला खरा रंजक भाग पुढचा आहे. नियम तसेच राहिले आणि गोट्या मांडण्याची पद्धत मात्र बदलावी लागली.

पट षट्कोनी, घरे ६१. दोघांकडे प्रत्येकी १४ गोट्या, एकाच्या काळ्या, दुसऱ्याच्या पांढऱ्या. एका खेळीत आपली एक, किंवा एकाच ओळीत चिकटून असलेल्या दोन वा तीन गोट्या एक घर सरकवायच्या. ओळीच्या दिशेने सरकताना समोर शत्रूच्या गोट्या आल्या आणि त्या आपल्यापेक्षा कमी असल्या तर त्या ढकलता येतात. म्हणजे दोनांनी एक, तिघांनी एक किंवा तिघांनी दोन. आपल्या तीनपेक्षा जास्त गोट्या कधीच हलवता येत नाहीत, म्हणून तिघांसमोर तीन आल्या की सगळे थांबले. आडव्या सरकण्याने कोणालाच ढकलता येत नाही. ज्याच्या सहा गोट्या पटाबाहेर गेल्या तो हरला.

समजा, पटाच्या मधल्या, नऊ घरांच्या ओळीत काठाकडून पहिल्या दोन घरांत पांढऱ्या गोट्या आहेत आणि त्यांना लागून तीन काळ्या. पाळी काळ्याची. तो ढकलतो, काठावरची पांढरी पडते आणि दुसरी तिच्या जागी येते. आता तिघांसमोर एकच उरली, पण पाळी पांढऱ्याची आहे. पाठीमागे पट संपलेला असल्याने तिला तिथून आधार देता येत नाही. शेजारच्या तिरक्या ओळींत काठाचे एखादे घर मोकळे असेल तर ती तिकडे निसटते, नाहीतर पांढऱ्याला दुसऱ्या दिशेने घुसून काळ्यांची ओळच मोडावी लागते. आणि हे सगळे मुळात घडते ते काठाजवळ. पटाच्या ऐन मधल्या घरातली गोटी पाडायला सलग पाच ढकला लागतात.

घोळ इथेच आहे. मूळ मांडणीत दोन्ही सैन्ये समोरासमोरच्या काठांवर असतात. काठावर पाच, त्यापुढे सहा आणि पुढे मध्यभागी तीन. मध्ये तीन ओळी पूर्ण रिकाम्या. त्यामुळे सावध खेळाडूला आपल्या गोट्या न तोडता मध्यभागी आणायला आणि तिथे घट्ट गोळा करून बसायला भरपूर वेळ मिळतो. १९ गोट्यांचा भरीव षट्कोन केला तर त्यातली कोणतीही ओळ तीनपेक्षा लहान नसते, म्हणजे बाहेरून कोणीच तो ढकलू शकत नाही. हातात १४ असल्याने तो पुरा होत नाही, पण कच्ची बाजू इतकी थोडी राहते की ती सांभाळणे जड जात नाही. मग हल्ला करायचा म्हणजे आपली फळी फोडायची, आणि फोडणारा आधी मार खातो. दोघेही जाणकार असले की दोघेही बसून राहतात. आक्रमक खेळ म्हणून बनवलेल्या डावात जो गप्प बसला त्याचेच फावले, ही गंमतच म्हणायची.

जाणकारांनी यावर काढलेल्या तोडग्यांत सर्वांत रुळलेला म्हणजे बेल्जियन डेझी. डेझी म्हणजे ते फूल. मधली एक गोटी आणि भोवती सहा, अशी सात गोट्यांची चार फुले. प्रत्येकाची दोन फुले समोरासमोरच्या कोपऱ्यांत येतात, म्हणजे पांढरे कर्णाच्या एका टोकाला आणि दुसऱ्याही टोकाला, काळे त्याला छेदणाऱ्या कर्णावर.

या मांडणीत सैन्य आधीच तुटलेले असते. दोन्ही तुकड्या जोडायच्या तर वाट पटाच्या मध्यातून जाते, आणि प्रतिस्पर्ध्याचीही वाट तीच. जो आधी तिथे घुसेल तो स्वतः जुळतो आणि समोरच्याला तुटलेले ठेवतो. म्हणून थांबून राहणाराच मागे पडतो. शिवाय अंतरच नाही. काठाला लागून असलेल्या सहा घरांच्या ओळीत तीन पांढऱ्या आणि तीन काळ्या पहिल्या खेळीआधीच एकमेकींना टेकून उभ्या असतात. तीनास तीन, म्हणून कोणालाही ढकलता येत नाही, पण त्यातली एक गोटी बाजूला काढली की समोरच्याकडे तीनास दोन होतात. काठ तर पाठीशीच आहे.

जर्मन डेझी ही तिचीच सौम्य बहीण. तिच्यात फुले वरच्या आणि खालच्या काठापासून एक ओळ आत सरकलेली असतात, त्यामुळे लगेच पडझड होत नाही.