चिनी तक्त्यातले 41 आणि 255: बुटांच्या-कपड्यांच्या मापांमागची गोष्ट

चिनी खरेदीच्या पानावर बुटाच्या फोटोखाली एक तक्ता असतो. त्यात 41 आणि 255 हे आकडे शेजारी-शेजारी दिसतात. फोटो काढून भाषांतर केलं की रकान्यांची नावं कळतात, पण आकडे आहेत तसेच राहतात. ते एकाच बुटाचे असले तरी त्यांनी मोजलेल्या वस्तू वेगळ्या आहेत, आणि मापाची बरीचशी चूक इथेच होते.

सर्वांत जुनी पद्धत इंग्लंडची. तिथे जवाचे तीन दाणे लांबीला लावले की एक इंच मानत, आणि बुटाची एक पायरी एका दाण्याएवढी, म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा ठरली. मुलांचं माप चार इंचांपासून सुरू होऊन 13 पर्यंत जातं, आणि मग मोठ्यांचं पुन्हा 1 पासून मोजतात. अमेरिकेने पायरी तीच ठेवली, पण मोजणीची सुरुवात हलवली आणि बायका-पुरुषांचे आकडे वेगळे केले. युरोपात रूढ झालेला पॅरिस पॉइंट सेंटिमीटरचा दोन-तृतीयांश असतो, म्हणजे सुमारे 6.7 मिलिमीटर. या सगळ्या पद्धतींत एक गोष्ट समान आहे: त्या पाय मोजत नाहीत, तर ज्या साच्यावर बूट बेततात तो साचा मोजतात. साचा पायापेक्षा लांब असतो. बोटांपुढे किती जागा सोडायची हे कारागीर ठरवतो, म्हणून दोन कंपन्यांचे 41 सारखे बसत नाहीत.

पुढे आलेल्या मोंडोपॉइंट पद्धतीत थेट पायाची लांबी मिलिमीटरमध्ये लिहितात. तिचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 9407 आहे. जपान, कोरिया आणि चीनची आजची मापंही पायाच्या लांबीवरच आहेत. चीनमध्ये जुना दोन अंकी आकडा लोकांच्या तोंडी राहिला, म्हणून पानावर दोन्ही छापतात. त्यांचा संबंध सोपा आहे: जुन्या आकड्यात 10 मिळवा आणि पाचने गुणा. 41 चे 51, आणि 51 पंचे 255.

एक उदाहरण घेऊ. भिंतीला टाच टेकवून कागदावर मोजलेला मोठा पाय 253 मिलिमीटर भरला. तक्त्यात पायाची लांबी 脚长 या रकान्यात असते, तिथे 255 ची ओळ घ्यायची, म्हणजे 41. पॅरिस पॉइंटच्या हिशोबाने 41 चा साचा सुमारे 273 मिलिमीटरचा होतो. इंग्लिश पायऱ्यांत तो 7 च्या थोडा पुढे पडतो, म्हणून कुणी रूपांतरात 7 लिहितं, कुणी साडेसात. अशा वेळी इंग्लिश रकाना सोडून मिलिमीटरच धरावेत. मात्र 内长 लिहिलं असेल तर ती बुटाच्या आतली लांबी आहे. तिथे 255 च्या ओळीतला बूट 253 च्या पायाला बोटांवर दाबेल.

फोटोतून वाचताना 3 चा 8 होतो, किंवा एक कोरा चौकोन गळून पुढचे सगळे आकडे एक ओळ वर सरकतात. हे पकडायला वरची पडताळणी पुरते: पायाची लांबी दर मापाला 5 ने वाढायला हवी आणि गुणाकार जुळायला हवा. 41 समोर 260 आलं, तर ओळ सरकली आहे किंवा विक्रेत्याने स्वतःचा हिशोब लावला आहे. दोन्ही प्रसंगी मूळ फोटो उघडून पाहावा.

कपड्यांत हाच घोळ निराळ्या रूपात भेटतो. 175/92A हे चिनी मानक माप अंगाचं आहे: उंची 175 सेंटिमीटर, छाती 92, आणि A म्हणजे पुरुषांत छाती-कमरेतला फरक 12 ते 16 सेंटिमीटर. पण त्याच ओळीत पुढे 胸围, म्हणजे छातीचा घेर, 108 लिहिलेला असतो. तो बहुधा शिवून तयार झालेल्या कपड्याचा घेर असतो. 106 छाती असलेल्याने 108 पाहून तो शर्ट मागवला, तर बटणं ताणली जातील, कारण मधले 16 सेंटिमीटर हालचालीसाठी सोडलेले आहेत. सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे अंगाला नीट बसणारा आपलाच शर्ट सपाट पसरून काखेखाली मोजायचा, दुप्पट करायचा आणि 108 शी ताडून पाहायचा. तक्त्यात 54 सारखा निम्मा आकडा दिसला, तर तो सपाट मोजलेला आहे. मग आपल्या शर्टाचं मापही दुप्पट न करता थेट त्याच्याशी ताडायचं.

खाली बऱ्याचदा उंची-वजनाचा आणखी एक तक्ता असतो. त्यातलं वजन 斤 म्हणजे जिन या एककात असतं, आणि एक जिन म्हणजे अर्धा किलो. भाषांतरात हे एकक गळालं, तर 130 हा आकडा किलो वाटतो. प्रत्यक्षात ती ओळ 65 किलोच्या माणसासाठी आहे.