थ्रूपुट आणि लीड टाइम: एकाच आलेखातल्या दोन वेगळ्या गोष्टी

सपोर्ट टीमच्या आढावा बैठकीत क्युम्युलेटिव्ह फ्लो डायग्रॅम पडद्यावर आला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "बंद तिकिटांची रेघ सरळ वर चालली आहे, म्हणजे ग्राहकांना वेळेत उत्तर मिळतंय." या वाक्याचा पहिला अर्धा भाग थ्रूपुटबद्दल आहे आणि दुसरा लीड टाइमबद्दल, म्हणजे ग्राहकाचं तिकीट आल्यापासून ते बंद होईपर्यंत लागणाऱ्या वेळेबद्दल. पहिल्यावरून दुसरा निघत नाही. तरीही तो काढला जातो आणि इतिवृत्तातही लिहिला जातो.

थ्रूपुट बहुतेकांना नीट माहीत असतं, त्यामुळे ते दोन ओळींत आटोपतो. आलेखात एक रेघ आजवर आलेल्या एकूण तिकिटांची असते आणि तिच्या खाली दुसरी, आजवर बंद झालेल्या एकूण तिकिटांची. खालची रेघ दिवसाला जितकी चढते तितकं थ्रूपुट. दहा दिवसांत ती 200 ने चढली असेल, तर दिवसाला 20.

दोन रेघांमधलं उभं अंतर म्हणजे त्या क्षणी उघडी असलेली तिकिटं. ही संख्या आहे, वेळ नव्हे. पट्टा जाड दिसला की "लीड टाइम वाढला" म्हणायची सवय लागलेली असते, पण आवक आणि निकाल दोन्ही दुप्पट झाले तर पट्टा दुप्पट जाड होऊनही ग्राहक पूर्वीइतकाच थांबतो. वेळ हवी असेल तर आडवंच मोजायला हवं.

लोक खरे अडकतात ते इथेच, कारण आडवं अंतर कुठून मोजायचं हे कोणी सांगत नाही. एक टीम घेऊ. सुरुवातीला 40 तिकिटं उघडी आहेत, रोज 20 येतात आणि रोज 20 बंद होतात. कुठूनही मोजलं तरी आडवं अंतर 2 दिवस भरतं. मग दहा दिवस आवक 25 वर जाते. टीम पूर्वीसारखीच 20 बंद करत राहते. बंद तिकिटांची रेघ आधी जितकी सरळ होती तितकीच आताही आहे, तिच्यात काहीही दिसत नाही. दहाव्या दिवसाअखेर सुरुवातीची 40 धरून एकूण आलेली 290, बंद झालेली 200 आणि उघडी 90.

आता लीड टाइम किती? आलेखावर दोन उत्तरं मिळतात आणि दोन्ही बरोबर असतात.

खालच्या रेघेवर आजच्या बिंदूपासून, म्हणजे 200 पासून, डावीकडे आडवी रेघ ओढा. ती वरच्या रेघेला 6.4 या दिवशी भेटते. अंतर 3.6 दिवस. ज्याचं तिकीट आज बंद झालं, तो इतका वेळ थांबला होता.

आता वरच्या रेघेवर आजच्या बिंदूपासून, म्हणजे 290 पासून, उजवीकडे जा. खालची रेघ अजून तिथवर पोचलेलीच नाही. दिवसाला 20 च्या वेगाने ती 14.5 व्या दिवशी पोचेल. अंतर 4.5 दिवस. ज्याने आज तिकीट टाकलं, त्याला इतकं थांबावं लागणार आहे. 90 भागिले 20 केलं तरी हेच 4.5 येतं. जॉन लिटल यांनी 1961 साली सिद्ध केलेल्या नियमाचा हा व्यवहारातला वापर:

```
लीड टाइम = उघडी तिकिटं / थ्रूपुट
```

हा नियम सरासरींबद्दल आहे आणि तो लांब काळाच्या स्थिर प्रवाहाला काटेकोरपणे लागू होतो. आवक बदलत असताना त्याचा वापर अंदाजापुरताच करावा.

डॅशबोर्डवरचा "सरासरी निकाली वेळ" हा आकडा जवळपास नेहमी डावीकडे पाहणारा असतो, कारण तो बंद झालेल्या तिकिटांवरूनच काढता येतो. रांग वाढत असताना तो मागे पडतो. आपल्या उदाहरणात आज डॅशबोर्ड 3.6 दाखवेल आणि आज आलेल्या ग्राहकाला 4.5 दिवस लागतील. म्हणून आजच्या ग्राहकाला दिवस सांगायचा असेल तर उजवीकडे पाहणाराच आकडा सांगावा, असं माझं ठाम मत आहे.

अकराव्या दिवशी आवक पुन्हा 20 वर आली असं धरा. दोन्ही रेघा समांतर झाल्या, सगळ्यांना हायसं वाटलं. पण 90 तिकिटं तशीच आहेत, त्यामुळे लीड टाइम 4.5 वरच राहणार. रेघा समांतर असणं म्हणजे रांग वाढत नाही इतकंच. ती आटायची तर काही दिवस खालची रेघ वरच्या रेघेपेक्षा जास्त चढली पाहिजे. दहा दिवस 25 बंद केली आणि आवक 20 च राहिली, तर उघडी तिकिटं पुन्हा 40 वर येतील.

हे सगळं गणित एका गृहीतकावर उभं आहे: जो आधी आला त्याचं आधी. सपोर्टमध्ये ते क्वचितच पाळलं जातं. पासवर्ड बदलण्याची विनंती पाच मिनिटांत संपते, हिशेबातल्या गोंधळाचं तिकीट पुढे ढकललं जातं. 90 उघडी आणि रोज 20 बंद, या स्थिर स्थितीत रोजच्या 20 पैकी 15 सोपी तिकिटं सरासरी अर्ध्या दिवसात सुटतात असं समजा. सरासरी 4.5 असल्याने 20 तिकिटांचे मिळून 90 तिकीट-दिवस होतात. त्यातले 7.5 सोप्यांनी घेतले. उरलेले 82.5 फक्त 5 तिकिटांच्या वाट्याला येतात, म्हणजे प्रत्येकी 16.5 दिवस. आलेख मात्र अजिबात बदलत नाही. क्रम कोणताही असो, दोन रेघा त्याच आणि आडवं अंतरही तेच 4.5, जे इथे एकाही ग्राहकाच्या वाट्याला आलेलं नाही.

म्हणून "बहुतेक ग्राहकांना अमुक दिवसांत उत्तर" असं आश्वासन या आलेखावरून देऊ नये. त्यासाठी प्रत्येक बंद तिकिटाचं वय एकेका ठिपक्याने दाखवणारा आलेख लागतो, आणि सोबत उघड्या तिकिटांची वयानुसार यादी. सोप्या आणि कठीण तिकिटांचे क्युम्युलेटिव्ह फ्लो डायग्रॅम वेगळे काढले तरी चित्र बरंच खरं होतं. माझी पसंती त्यालाच आहे.

दोन लबाड खुणा ओळखून ठेवाव्यात. बंद तिकिटांची रेघ एका दिवसात उभी उडी मारत असेल, तर बहुधा जुनी तिकिटं एकगठ्ठा बंद केली आहेत. त्या दिवसापासून आडवं अंतर अचानक आक्रसतं आणि काम न करताच लीड टाइम सुधारल्यासारखा दिसतो. तीच रेघ खाली उतरत असेल, तर पुन्हा उघडलेली तिकिटं एकूणातून वजा होत आहेत. एकूण बेरीज कधी कमी होत नसते. पुन्हा उघडलेलं तिकीट नवी आवक म्हणून मोजावं, किंवा ग्राहकाने दुरुस्ती मान्य केल्यावरच तिकीट बंद धरावं. दोन्हीपैकी काहीही चालेल, पण महिन्याच्या मध्यात पद्धत बदलू नये. शनिवार-रविवारही आडव्या अक्षावर आहेत की नाहीत, तेवढं आलेखाखाली लिहून ठेवा.