चिबाच्या कपाटातली डिस्ने-चित्रं

शाळा-कॉलेजच्या कपाटात अ‍ॅनिमेशनची जुनी चित्रवही सापडते, ही गोष्ट कल्पनेतली वाटते. पण जपानमधल्या चिबा विद्यापीठात जवळपास तसंच घडलं. फरक इतकाच, की सापडली ती वही नव्हती, सुटी चित्रं होती. अ‍ॅनिमेशनचं काम वहीत करणं अवघडच; भोकं पाडलेले सुटे कागद खुंट्यांवर अडकवायचे, म्हणजे आधीच्या चित्रावर पुढचं चित्र नेमकं बसतं.

सुरुवात १९६० ची. डिस्नेचा ‘स्लीपिंग ब्यूटी’ जपानमध्ये लागणार होता, म्हणून स्टुडिओने मूळ चित्रांचं प्रदर्शन तिकडे पाठवलं आणि ते गावोगावच्या मोठ्या दुकानांत फिरलं. नंतर त्यातली बरीच चित्रं टोकियोच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाला देऊन टाकली. कार्टूनची चित्रं आपल्या संग्रहात बसत नाहीत असं संग्रहालयाला वाटलं असावं. ती अभ्यासासाठी चिबा विद्यापीठाकडे गेली. तिथे माणसं बदलली, कपाट बंद राहिलं आणि चित्रं विस्मरणात गेली.

संग्रहालयाला दोष देणं सोपं आहे, पण खुद्द स्टुडिओंचीही तीच तऱ्हा होती. अ‍ॅनिमेशनचं रंगीत चित्र कॅमेऱ्यापुढे जायचं ते सेलवर; सेल म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकचा पत्रा. त्याच्या दर्शनी बाजूला शाईची रेघ, मागून रंग. चित्रण आटोपलं की सुरुवातीच्या काळात तो धुऊन पुन्हा वापरत. किंमत पत्र्याला होती, चित्राला नव्हे. त्यामुळे १९३२ च्या ‘फ्लॉवर्स अँड ट्रीज’ची मूळ चित्रं या साठ्यात निघाली, तेव्हा जाणकार चकित झाले. तीन फिल्मपट्ट्यांच्या टेक्निकलर या रंगीत चित्रणाच्या तंत्रातला हा पहिला व्यावसायिक कार्टूनपट, आणि कार्टूनपटांसाठीचं पहिलं ऑस्करही त्यालाच.

कपाटाने चित्रं वाचवली, पण कपाट म्हणजे काही जतनगृह नव्हे. जुने सेल नायट्रेटचे: ते पिवळे पडतात, आक्रसतात, चटकन पेटतात. नंतरचे अ‍ॅसिटेटचे, ते सडू लागले की व्हिनेगरसारखा आंबट वास येतो आणि पत्रा लाटांसारखा वळतो. पत्रा आक्रसला तरी मागचा रंग त्याच्याबरोबर आक्रसत नाही, मग त्याला तडे जातात आणि पोपडे सुटतात. असा सेल घाईने सरळ करायला गेलं, तर उरलासुरला रंगही हातात येतो. त्यामानाने कागदावरची रेखाटनं आणि पार्श्वचित्रं जास्त टिकतात.

सुमारे अडीचशे चित्रांचा हा साठा दुरुस्तीनंतर २००६ मध्ये टोकियोत लोकांना पाहायला मिळाला. पुढे विद्यापीठाने तो डिस्नेला परत केला. बदल्यात विद्यापीठाला चित्रांच्या प्रतिकृती आणि दहा लाख डॉलरची देणगी मिळाली. व्यवहार म्हणून हे ठीकच. पण देणगी म्हणून दिलेली वस्तू मूळ मालकाने परत मिळवावी, हे मला जरा चमत्कारिकच वाटतं.