विंडोची पट्टी, आयकॉन आणि कर्सर: तिघांचे तीन मालक

लिनक्सवर नवी थीम टाकली की आयकॉन बदलतात, विंडोची पट्टीही बदलते. कर्सर मात्र डेस्कटॉपवर नवा दिसतो आणि एखाद्या विंडोत शिरला की पुन्हा जुना होतो. हे इतकं सर्रास होतं, कारण या तिन्ही गोष्टी कधीच एका हातात नव्हत्या.

सुरुवात १९८४ मध्ये, एमआयटीत. पडद्यावर विंडो दाखवण्यासाठी तिथे तयार झालेल्या एक्स विंडो सिस्टिमने (आज वापरात असलेली अकरावी आवृत्ती १९८७ ची) एक गोष्ट मुद्दाम टाळली: विंडो कशी दिसावी हे ठरवणं. ते काम विंडो मॅनेजर या वेगळ्या प्रोग्रामकडे गेलं. तो अ‍ॅप्लिकेशनची विंडो उचलून स्वतःच्या मोठ्या विंडोत बसवतो आणि भोवतीच्या जागेत टायटल बार, बटणं, कडा रंगवतो. आतल्या अ‍ॅप्लिकेशनला आपली चौकट कुठल्या रंगाची आहे याचा पत्ताही नसतो. त्यामुळेच चालू विंडोला हात न लावता सजावट बदलता यायची.

आयकॉनचा घोळ उशिरा सुरू झाला. केडीई हा लिनक्सचा डेस्कटॉप १९९६ मध्ये आणि नोम हा दुसरा डेस्कटॉप १९९७ मध्ये आला. दोघांची आयकॉन ठेवायची पद्धत वेगवेगळी होती. मग फ्रीडेस्कटॉप या सामायिक व्यासपीठावर नियम ठरले: थीमच्या फोल्डरमध्ये `index.theme` असावी, हवा तो आयकॉन न मिळाल्यास `Inherits` मध्ये लिहिलेल्या थीममध्ये शोधावं, आणि तिथेही नसेल तर `hicolor` मध्ये. अर्धवट आयकॉन पॅक टाकूनही बहुतेकदा रिकामे चौकोन दिसत नाहीत, ते या साखळीमुळे.

कर्सरची गोष्ट सगळ्यात मजेशीर आहे. एक्समध्ये मूळ कर्सर हा चक्क फॉन्ट होता: ७७ आकार, प्रत्येकाला जोडीला एक मुखवटा, आणि रंग फक्त दोन. त्या आकारांत बाण आणि घड्याळ होतंच, शिवाय कोळी आणि कॉफीचा मगही होता! सावली, अर्धपारदर्शकता वगैरे काही शक्यच नव्हतं. कीथ पॅकार्ड यांनी एक्सकर्सर ही लायब्ररी लिहिली आणि २००३ च्या एक्सफ्री८६ ४.३ बरोबर रंगीत, मऊ कडांचे, हलणारे कर्सर सर्वांपर्यंत पोचले.

पण जुन्या अ‍ॅप्लिकेशनचं काय? कित्येक प्रोग्राम स्वतःच्याच कृष्णधवल बिटमॅपचा कर्सर बनवत. पॅकार्ड यांची युक्ती अशी की लायब्ररी त्या बिटमॅपचा हॅश, म्हणजे चित्रावरून काढलेली आकडे-अक्षरांची खूण, काढते आणि त्याच नावाची फाइल थीममध्ये शोधते. कुठल्याही कर्सर थीमचं `cursors` फोल्डर उघडा, `left_ptr` आणि `watch` शेजारी `08e8e1c95fe2fc01f976f1e063a24ccd` अशी चमत्कारिक नावं दिसतील. तो कचरा नाही. ती 'बाण आणि सोबत घड्याळ' या कर्सरकडे नेणारी लिंक आहे. साफसफाई म्हणून ती उडवली, तर त्या जुन्या प्रोग्राममध्ये थीमच्या जागी मूळचा ओबडधोबड कर्सर दिसतो.

कर्सर थीमने आयकॉन थीमचाच साचा उसना घेतला, म्हणून दोन्ही `~/.icons` मध्ये नांदतात. कुणी नाव सांगितलं नाही तर लायब्ररी `default` नावाची थीम शोधते. सेटिंग्जमध्ये बदलूनही काही विंडो ऐकत नसतील, तर `~/.icons/default/index.theme` मध्ये एवढं लिहावं (थीमचं नाव म्हणजे तिच्या फोल्डरचं नाव, अक्षरांच्या लहानमोठेपणासकट):

```
[Icon Theme]
Inherits=Breeze_Light
```

आधीच उघडलेले प्रोग्राम जुनाच कर्सर धरून बसू शकतात, म्हणून लॉगआउट करून पुन्हा आत या.

सजावटीचा मालक २०१३ च्या सुमारास बदलला. अ‍ॅप्लिकेशनच्या खिडक्या-बटणं बनवणाऱ्या जीटीके या लायब्ररीच्या ३.१० मध्ये हेडरबार आला आणि अ‍ॅप्लिकेशन आपला टायटल बार स्वतःच रंगवू लागलं. माझ्या मते थीम करणाऱ्यांची खरी अडचण इथून सुरू झाली: विंडो मॅनेजरची थीम कितीही सुंदर निवडली तरी या विंडोंना ती लागत नाही. २०२१ च्या अखेरीस आलेल्या लिबअद्वैता या लायब्ररीने नोमची स्वतःची शैली आणखी पक्की केली. केडीईत मात्र केविन हा विंडो मॅनेजर आजही सजावट करून द्यायला तयार असतो, अ‍ॅप्लिकेशनने ती मागितली पाहिजे एवढंच.

एक्सची जागा घेणाऱ्या वेलँडमध्ये कर्सरचंही तेच झालं. मूळ प्रोटोकॉलमध्ये कर्सरचं चित्र अ‍ॅप्लिकेशनच देतं. थीम आणि आकार ते बऱ्याचदा `XCURSOR_THEME` आणि `XCURSOR_SIZE` या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घेतं. एकाच विंडोत कर्सर अचानक लहान होत असेल, तर त्या प्रोग्रामला हे दोन्ही मिळतात का ते आधी पाहावं. २०२३ मध्ये `cursor-shape-v1` आलं. ते वापरणारं अ‍ॅप्लिकेशन 'मजकुराचा कर्सर हवा' एवढंच सांगतं, चित्र कंपोझिटर, म्हणजे सगळ्या विंडो पडद्यावर मांडणारा प्रोग्राम, काढतो. ज्यांनी अजून ते घेतलेलं नाही, त्यांच्या विंडोत जुना खेळ चालूच आहे.