काल तापवलेलं दूध आज का नासलं?

उन्हाळा लागला की काउंटरवर रोज एक-दोन पातेली येतात. ‘काल चांगलं होतं, आज चहाला तापवलं तर फाटलं. दूध शिळं दिलंत का?’ प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगणं सकाळच्या गर्दीत जमत नाही, म्हणून हे पत्रक.

आधी आमच्या बाजूचं. गवळ्याकडून दूध आलं की प्रत्येक कॅनमधलं थोडं दूध परीक्षानळीत घेऊन पाच मिनिटं उकळत्या पाण्यात धरतो. कण धरले तर तो कॅन परत जातो. म्हणजे दूध मुळात आंबूस असेल, तर ते तुमच्या घरी पहिल्याच उकळीला फाटेल. घरी नेऊन लगेच तापवलं आणि फाटलं, तर पातेलं घेऊन या, दूध बदलून देऊ. पहिली उकळी नीट आली आणि दुसऱ्या दिवशी नासलं, तर कारण बहुतेक वेळा मधल्या तासांत असतं.

नेहमीचा प्रकार असा. सकाळी सातला दोन लिटर दूध नेलं, आठला तापवलं, वर घट्ट झाकण ठेवलं. ‘गार झालं की फ्रिजमध्ये ठेवू’ म्हणून पातेलं ओट्यावर, शेगडीच्या शेजारीच. मे महिन्यात स्वयंपाकघरच पस्तीस अंशांवर असतं. तिथे दूध कोमट होतं, गार होत नाही. दीडला जेवणं आटोपल्यावर ते फ्रिजमध्ये गेलं. चारला चहासाठी सगळं पातेलं बाहेर काढून पुन्हा तापवलं, पुन्हा ओट्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे कण झाले.

उकळीने दूध आंबवणारे बहुतेक जंतू मरतात. पण काही जंतूंची बीजं उकळीतही तग धरतात, आणि डाव, झाकण, हात यांवरून नवे जंतू येतातच. कोमट दुधात ते झपाट्याने वाढतात. विरजण आपण कोमट दुधातच लावतो, ते याचसाठी.

आता गंमत अशी, की किंचित आंबलेलं दूध गार असताना अगदी ठीक दिसतं. सामू म्हणजे आंबटपणाचा आकडा, आंबटपणा वाढला की तो उतरतो. ताज्या दुधाचा सामू साधारण ६.६ ते ६.८ असतो. गार दुधाचं दही व्हायला तो ४.६ च्या आसपास उतरावा लागतो, पण तापवताना सहाच्या आसपासही दूध फाटू शकतं. म्हणून फ्रिजमधून काढताना शंका येत नाही आणि गॅसवर ठेवलं की सगळं उघड होतं. फ्रिजने ते नासवलेलं नसतं, दुपारपर्यंतच्या ओट्याने नासवलेलं असतं. कधी तर आंबट न लागताच फाटतं. तग धरलेल्या बीजांतून वाढलेल्या जंतूंचे पाचक रस दुधातलं प्रथिन तोडतात, तेव्हा असं होतं.

उपाय सोपा आहे. दूध आणल्या आणल्या तापवा. उकळी वर आली की आच मंद करून, ढवळत दोन-तीन मिनिटं ठेवा. मग पातेलं परातीत गार पाण्यात ठेवा, वर जाळी, झाकण नको. अधूनमधून स्वच्छ डावाने ढवळा आणि परातीतलं पाणी कोमट झालं की बदला. साय जाड येत नाही म्हणून काहीजण ढवळत नाहीत. तेवढी साय फ्रिजमध्येही धरते. लिटरभर दूध अशा रीतीने अर्ध्या-पाऊण तासात हाताला गार लागतं. मग झाकून फ्रिजच्या आतल्या कप्प्यात ठेवा. दार सारखं उघडतं, तिथे नको. वाफाळतं पातेलंही थेट आत नको. मोठं पातेलं आतही सावकाश निवतं आणि शेजारचं अन्न गरम करतं.

पुढे चहाला लागेल तेवढंच काढून घ्या, सगळं पातेलं तापवू नका. कालच्या दुधात आजचं ओतू नका. शंका असेल तर आधी दोन चमचे दूध छोट्या कढल्यात उकळून पाहा. चहात फाटत असेल तर आलं आधी पाण्यात खळखळून उकळा, दूध नंतर घाला. कच्च्या आल्याच्या रसानेही दूध फाटतं, त्यात आमचा दोष नाही!

पहिल्याच उकळीला फाटलेल्या, वास चांगला असलेल्या दुधाचं पनीर करायला हरकत नाही. तासन् तास बाहेर राहून नासलेलं, कडवट किंवा तार धरलेलं मात्र टाकून द्या.

दोन लिटर एकदम नेऊन सांभाळण्यापेक्षा सकाळी एक आणि संध्याकाळी एक नेलं तर हा प्रश्नच कमी होतो. संध्याकाळचं दूध साडेपाचला येतं आणि अर्धा लिटरही मिळतो. आदल्या दिवशी सांगितलंत तर बाजूला काढून ठेवू. येताना बरणी धुऊन, पूर्ण कोरडी करून आणा. झाकणाच्या आट्यांत अडकलेलं कालचं दूध आम्ही भरलेल्या ताज्या दुधाला विरजण लावतं.